हातावरचा सेन्सर 168 म्हणतो, म्हणजे नेमकं काय?

*मी 41 वर्षांची आहे. मधुमेह नाही. दोन महिन्यांपूर्वी एचबीए1सी 5.3 आणि उपाशीपोटी साखर 91 होती. आईवडील दोघांनाही मधुमेह असल्याने दंडावर ग्लुकोज सेन्सर लावून पाहिला. भातानंतर आलेख 168 पर्यंत गेला, ओट्सनंतर 149 आणि केळ्यानंतर 152. सकाळी काही न खाता तो 107 दाखवतो. एका रात्री तीन वाजता 58 दाखवून लाल इशारा वाजला. 14 दिवसांच्या अहवालात सरासरी 105 आणि ‘जीएमआय 5.8’ आलंय. घाबरून मध्ये पाच दिवस भात, केळी, बटाटा बंद केले. आलेख सपाट झाला, पण सहाव्या दिवशी थोडा भात खाल्ला तर थेट 181! मला मधुमेह सुरू होतोय का? दुसरा सेन्सर घरात आहे, तो लावू का?*

*– एक वाचक*

लॅबचे तुमचे दोन आकडे पाहता मधुमेह नाही आणि त्याच्या अलीकडची पायरीही नाही. उपाशीपोटी साखर 100 च्या खाली आणि गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारा एचबीए1सी 5.7 च्या खाली असेल तर त्याला सरळ नॉर्मल म्हणतात. सेन्सरच्या आकड्यांवरून मधुमेहाचं निदान करत नाहीत, आणि त्याला चांगली कारणं आहेत. तुमच्या पत्रातल्या जवळजवळ प्रत्येक आकड्यात त्यातलं एकेक कारण दडलेलं आहे. आईवडील दोघांना मधुमेह असल्यामुळे तुमची शंका मात्र फुकाची नाही. तिचं उत्तर दुसऱ्या एका तपासणीत मिळेल, तिच्याकडे शेवटी येऊ.

आधी ‘स्पाइक’, म्हणजे जेवणानंतरची साखरेची उसळी. बहुतेक ॲप 140 वर एक रेघ मारतात आणि आलेख त्या रेघेवर गेला की रंग बदलतात. (इथले साखरेचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत.) हा 140 आला कुठून? तो ग्लुकोज सहनशीलता चाचणीतला आकडा आहे. रात्रभर उपाशी राहून 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि बरोबर दोन तासांनी शिरेतलं रक्त तपासायचं. ते 140 च्या आत असेल तर नॉर्मल, 140 ते 199 असेल तर मधुमेहपूर्व स्थिती, 200 किंवा जास्त असेल तर मधुमेह. मधल्या वेळात, म्हणजे पाऊण तासाला किंवा तासाला, साखर कुठवर चढली होती याचा त्या 140 शी काही संबंध नाही. ॲपने दोन तासांच्या मोजमापाची रेघ उचलली आणि चोवीस तासांच्या आलेखावर आडवी आखली.

निरोगी माणसं ती रेघ ओलांडतातच. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मधुमेह नसलेल्या 153 जणांना सेन्सर लावले होते. वयं 7 ते 80. साठीच्या आतल्या गटांची सरासरी साखर 98-99 च्या आसपास होती आणि 140 च्या वर त्यांचा दिवसातला साधारण अर्धा तास जात होता. हा मधला आकडा आहे, म्हणजे निम्मे निरोगी लोक अर्ध्या तासाहून जास्त वेळ वर होते. 70 च्या खालीही दिवसातली सुमारे 15 मिनिटं जात होती.

शिवाय शिरेतली साखर आणि बोटातली किंवा दंडातली साखर जेवणानंतर सारखी नसते. केशवाहिन्यांतून जाताना स्नायू आणि इतर पेशी ग्लुकोज उचलतात, त्यामुळे शिरेत परत येणाऱ्या रक्तात ते कमी उरतं. उपाशीपोटी हा फरक किरकोळ असतो, जेवणानंतर तो चांगलाच वाढतो. त्यामुळे दंडावरचा 168 शिरेतल्या 140 शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

तुम्ही शिखरांचे आकडे दिलेत, पण दोन तासांनी साखर किती होती हे एकदाही लिहिलेलं नाही. खरी माहिती तिथे आहे. चांगल्या चालणाऱ्या शरीरात साखर जेवणानंतर पाऊण ते एक तासात वर जाते, मग इन्सुलिन तिला खाली आणतं आणि दोन ते तीन तासांत ती सुरुवातीच्या आकड्याजवळ येते. 168 ला जाऊन दोन तासांनी 115 वर आलेला आलेख मला काळजीचा वाटत नाही. 150 ला जाऊन तीन तासांनीही 145 वर रेंगाळणारा आलेख जास्त बघण्यासारखा आहे, भले त्याचं शिखर ठेंगणं असो. ॲपमध्ये मागचे दिवस उघडता येतात. त्या भाताच्या जेवणाचा पहिला घास घेतल्याची वेळ शोधा, तिथून 120 मिनिटं मोजा आणि तो आकडा कागदावर लिहा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

आता सेन्सर काय मोजतो ते पाहू. तो रक्त मोजतच नाही. चकतीखालचा केसासारखा धागा साधारण अर्धा सेंटिमीटर त्वचेखाली, पेशींभोवतीच्या द्रवात असतो. धाग्यावरच्या विकराची (ग्लुकोज ऑक्सिडेजची) त्या द्रवातल्या ग्लुकोजशी प्रक्रिया होते, त्यातून अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो आणि सॉफ्टवेअर त्या प्रवाहाचं साखरेच्या आकड्यात रूपांतर करतं. रक्तातलं ग्लुकोज त्या द्रवात पोचायला पाच-दहा मिनिटं लागतात. साखर झपाट्याने बदलत असताना ही पिछाडी आणखी जाणवते. आणि रूपांतरात चूक असते. चांगल्या सेन्सरची सरासरी चूक 8 ते 10 टक्के असते. ही सरासरी आहे, एखादा आकडा 15-20 टक्क्यांनीही इकडेतिकडे असू शकतो. खरी साखर 150 असताना 130 किंवा 170 दिसणं म्हणजे यंत्र बिघडणं नव्हे, ती त्याची रोजची चाल आहे.

इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहीला याने फारसं बिघडत नाही. त्याची साखर 60 आणि 300 च्या मध्ये फिरत असते आणि ती कुठल्या दिशेला निघाली आहे हे त्याला कळायला हवं असतं. तुमचा बहुतेक खेळ 80 ते 160 च्या पट्टीत चालतो. किलोभर पुढेमागे दाखवणाऱ्या वजनकाट्यावर शंभर ग्रॅमचा फरक शोधावा, तसं निरोगी माणसाचं होतं.

तुमच्या सकाळच्या 107 ची हीच गोष्ट असू शकते. लॅबचे 91 दोन महिन्यांपूर्वीचे आहेत, त्यामुळे दोन्ही आकड्यांची थेट वजाबाकी करून चालणार नाही. पहाटे कॉर्टिसॉल आणि वाढीचं संप्रेरक वाढल्याने यकृत थोडं ग्लुकोज सोडतं, तेही त्यात मिसळलेलं असेल. पण प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा एक कल असतो. कुणी सतत दहा-पंधराने वर दाखवतो, कुणी खाली. तो कल साध्या ग्लुकोमीटरने शोधता येतो.

त्यासाठी तीन वेगवेगळ्या सकाळी उपाशीपोटी, आलेख किमान 15-20 मिनिटं आडवा असताना बोट टोचा. त्याआधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. बोटावर फळाचा अंश राहिला तर ग्लुकोमीटर सहज तीस-चाळीसने जास्त दाखवू शकतो, आणि ही चूक फार जण करतात. दोन स्ट्रिपवर लागोपाठ मोजून सरासरी घ्या, कारण ग्लुकोमीटरलाही 15 टक्क्यांपर्यंतच्या चुकीची मुभा असते. समजा सेन्सरने 107, 104, 109 दाखवले आणि ग्लुकोमीटरने 94, 90, 97. फरक आले 13, 14, 12. म्हणजे हा सेन्सर उपाशीपोटी सुमारे 13 ने वर बोलतो. शिखरालाही बरोबर तेवढाच फरक असेल असं गृहीत धरता येत नाही, पण 168 हा आकडा किती सैल आहे ते यावरून कळतं. साखर चढत-उतरत असताना हा मेळ घालू नका. पिछाडीमुळे तेव्हा दोन्ही आकडे वेगळे येणारच, आणि दोष कुणाचा ते समजणार नाही.

सेन्सर बसवल्यानंतरचा पहिला दिवस जमेस धरू नका. धागा टोचल्याने तिथल्या ऊतींना सूज येते आणि आकडे भरकटतात. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने काही सेन्सर खोटे जास्त दाखवतात. काही मॉडेलना दिवसाला 500 मिलिग्रॅमहून जास्त मात्रा चालत नाही. काही जुन्या मॉडेलना पॅरासिटामॉलचंही वावडं होतं. तुमच्या सेन्सरच्या माहितीपत्रकात ही यादी असते, ती पाहून घ्या. गरम पाण्याची आंघोळ आणि सौना यांनीही आलेख फुगतो. आणि जोरदार व्यायामात, विशेषतः जड वजनं उचलताना किंवा वेगाने धावताना, ॲड्रेनलिनमुळे यकृत साखर सोडतं आणि काही न खाता 150 दिसू शकतात. ती चढण खरी असते, पण तिला घाबरून व्यायाम सोडणं हा उलटाच निष्कर्ष होईल.

आता भात विरुद्ध ओट्स, म्हणजे 168 आणि 149. फरक 19 चा. एकेका जेवणावरून काढलेला हा निष्कर्ष टिकत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तेव्हा काम करणाऱ्या केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं आहे. 2020 च्या त्यांच्या अभ्यासात एकाच माणसाला एकाच वेळी दोन वेगळ्या कंपन्यांचे सेन्सर लावले, तर कुठल्या जेवणाने साखर जास्त चढली याचा क्रम दोन सेन्सरमध्ये जुळेना. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात लोकांना नियंत्रित वातावरणात तेच जेवण साधारण आठवड्याच्या अंतराने पुन्हा दिलं. तेव्हा तेच जेवण दोनदा खाल्ल्यावर दिसणारा फरक जवळजवळ वेगवेगळ्या जेवणांमधल्या फरकाइतकाच निघाला. झोप किती झाली, आदल्या जेवणात काय होतं, सकाळी किती चाललात, मनावर ताण होता का, या सगळ्यांची भर एका आकड्यात पडलेली असते.

शिवाय मात्रा काय होती? शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात जवळपास 78 ग्रॅम कर्बोदकं असतात, ओट्समध्ये 65 च्या आसपास. ओट्सची वाटी भरताना माणूस सहसा 40 ग्रॅम घेतो, म्हणजे 26 ग्रॅम कर्बोदकं. भाताचं पोटभर ताट कच्च्या 100 ग्रॅम तांदळाचं सहज असतं. तुमच्या दोन जेवणांत तिप्पट फरक असेल तर 168 आणि 149 यांत भाताचा दोष कमी आणि वाढपाचा जास्त. खरं तर तिप्पट कर्बोदकांनी फक्त 19 ची भर पडली असेल, तर तुमचं इन्सुलिन चोख काम करतंय असंच त्यातून निघतं.

तरीही तुलना करायचीच असेल तर ती अशी करा. दोन्ही जेवणांत कर्बोदकं सारखी ठेवा. 50 ग्रॅम कर्बोदकांसाठी कच्चा तांदूळ 64 ग्रॅम आणि ओट्स 77 ग्रॅम लागतील. वजन शिजवण्याआधी करा. सोबतची भाजी, तेल, प्रथिनं दोन्हीकडे तीच. वेळ तीच, कारण तेच जेवण सकाळी आणि रात्री वेगळा आलेख काढतं. प्रत्येक जेवण तीन वेगवेगळ्या दिवशी खा आणि सगळं एकाच सेन्सरवर उरका, कारण नव्या सेन्सरचा कल वेगळा असू शकतो. शिखराऐवजी चढण लिहा, म्हणजे शिखरातून पहिल्या घासाआधीचा आकडा वजा करा. त्याने सेन्सरचा कल बराचसा निघून जातो. सोबत दोन तासांचा आकडा लिहा. समजा भाताची चढण आली 58, 71, 44 आणि ओट्सची 49, 38, 60. सरासरी 58 आणि 49. पण भाताचा सगळ्यात चांगला दिवस ओट्सच्या वाईट दिवसापेक्षा चांगला आहे, म्हणजे या सहा जेवणांतून भातावर काहीच सिद्ध होत नाही. भाताची प्रत्येक चढण ओट्सच्या प्रत्येक चढणीपेक्षा मोठी असती तर मी तो फरक मानला असता.

याच पद्धतीने एक प्रयोग करण्यासारखा आहे. तेच जेवण तीनदा बसून आणि तीनदा जेवल्यावर 15 मिनिटं चालून. चालण्याने शिखर खाली येतं हे बहुतेकांना दिसतं, कारण काम करणारे स्नायू इन्सुलिनवर फारसं न विसंबता ग्लुकोज उचलतात. चालणं इतर कारणांसाठीही चांगलं आहेच. पण निरोगी माणसाने स्पाइक छाटले तर पुढचा मधुमेह टळतो, असा दीर्घकाळाचा पुरावा अजून कुणी दाखवलेला नाही. ॲप हे वाक्य कधीच छापत नाही.

रात्रीच्या 58 बद्दल. आलेखावर तीनच्या आसपास बोट ठेवून आकार बघा. काही मिनिटांत सरळ कड्यासारखी घसरण, मग थोडा वेळ तळ, मग तितकीच अचानक उसळी असेल, तर तुम्ही त्या दंडावर झोपला होतात. दाबामुळे तिथला रक्तपुरवठा कमी होतो, धाग्याभोवतीचं ग्लुकोज संपत जातं आणि सेन्सर प्रामाणिकपणे तेवढंच दाखवतो. शरीरातल्या उरलेल्या रक्ताचा त्याच्याशी संबंध नसतो. पुन्हा असं झालं तर कुशी बदला, 15-20 मिनिटं थांबा आणि मग बोट टोचा. साखर कमी करणारं औषध न घेणाऱ्या निरोगी माणसाची साखर झोपेत खरोखर धोक्याइतकी उतरणं फारच दुर्मीळ आहे. ती शंका धरायला तीन गोष्टी एकत्र लागतात. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं अशी लक्षणं, त्याच वेळी रक्तात 55 च्या खाली साखर, आणि काही गोड घेतल्यावर लक्षणं जाणं. तिन्ही जुळल्या तर डॉक्टरांकडे जा. नुसता इशारा वाजला म्हणून मध्यरात्री साखर खाऊ नका.

आता तो ‘जीएमआय 5.8’, म्हणजे सेन्सरच्या सरासरीवरून बांधलेला एचबीए1सीचा अंदाज. हा आकडा पाहून लोक सर्वांत जास्त घाबरतात, कारण तो एचबीए1सीसारखा दिसतो आणि 5.7 च्या वर आहे. त्याचं सूत्र साधं आहे. सेन्सरच्या सरासरीला 0.02392 ने गुणायचं आणि 3.31 मिळवायचे. 105 चे होतात 5.82. पण हे सूत्र मधुमेही लोकांच्या आकड्यांवरून बसवलेलं आहे. त्यांची सरासरी दीडशेच्या आगेमागे किंवा वर असते, तिथे ते ठीक चालतं. खालच्या टोकाला ते फसतं. त्या 153 निरोगी लोकांची 98 ही सरासरी त्यात घालून पाहा, 5.65 येतात, म्हणजे धडधाकट माणसं मधुमेहपूर्व स्थितीच्या उंबऱ्यावर! 2008 चं दुसरं एक सूत्र आहे, ज्याच्या अभ्यासात मधुमेह नसलेले लोकही होते. त्यात सरासरीत 46.7 मिळवून 28.7 ने भागायचं. 105 चे येतात 5.29. तुमच्या लॅबचा एचबीए1सी किती होता? 5.3. तेव्हा तुमच्या अहवालातली सरासरी आणि लॅबचा आकडा यांत भांडण नाहीच, गडबड मधल्या सूत्राची आहे.

एचबीए1सीही फसू शकतो हेही जाता जाता सांगतो. लोहाच्या कमतरतेमुळे ॲनिमिया असेल तर तो खोटा वर जाऊ शकतो. बराच रक्तस्राव झाला असेल किंवा तांबड्या पेशी लवकर मोडत असतील तर खोटा खाली येतो. मासिक पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा सांगणारं फेरिटिनही पाहून घ्या.

राहिले 181. पाच दिवस कर्बोदकं तोडल्यावर शरीर चरबी जाळायच्या चालीवर जातं. रक्तात मेदाम्लं वाढतात, स्नायू ग्लुकोज उचलायला कुरकुर करतात आणि इन्सुलिनचा पहिला झटकाही मंदावतो. अशा वेळी अचानक भात आला की साखर नेहमीपेक्षा उंच जाते. हा तात्पुरता बदल आहे, नेहमीचं जेवण सुरू केल्यावर काही दिवसांत ओसरतो. सापळा असा की माणूस घाबरून कर्बोदकं सोडतो, मग एकदा खाल्ल्यावर मोठी उसळी दिसते, आणि ‘भात मला चालतच नाही’ हा समज पक्का होतो. पाहिलं तर तुमच्या 14 दिवसांतला सर्वांत मोठा आकडा पथ्य सुरू केल्यानंतरचाच आहे.

आणि सपाट आलेख ही तब्येतीची पावती नाही. लोणी खाल्लं तर आलेख हलणार नाही. फ्रुक्टोज बहुतांशी यकृतात जातं, त्यामुळे त्याने आलेख फारसा चढत नाही, पण जास्त झालं तर तिथे चरबी साठते. दारूने तर यकृताची साखर बनवण्याची क्रिया मंदावते आणि आलेख खाली येतो. सेन्सरला फक्त ग्लुकोज दिसतं. कोलेस्टेरॉल, रक्तदाब, तंतूंचा अभाव, किती इन्सुलिन खर्चून ती रेघ सपाट राहिली, यांतलं काहीही त्याला दिसत नाही. केळं सोडून चीज खाणाऱ्याला ॲप शाबासकी देईल.

मग गंभीर कधी घ्यायचं? नेहमीचं जेवण चालू असताना, धुतलेल्या बोटाच्या रक्ताने खात्री केल्यावर, दोन तासांनीही साखर वारंवार 140 च्या वर राहत असेल तर. रोजच्या जेवणांनी 180 पुन्हा पुन्हा ओलांडलं जात असेल तर. एकदाही 200 दिसले आणि बोटाने तेच सांगितलं तर. उपाशीपोटी ग्लुकोमीटर बहुतेक सकाळी 100 च्या वर असेल तर. तहान आणि लघवी वाढली असेल किंवा वजन आपोआप उतरत असेल तर सेन्सर बघत बसू नका, लॅबमध्ये जा. गरोदरपणात मधुमेह झाला असेल किंवा स्टेरॉइड चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यांनी सगळा अर्थ बदलतो.

तुमच्या बाबतीत, वरचं काही नसलं तरी, घरातला इतिहास पाहता एकदा ग्लुकोज सहनशीलता चाचणी करून घ्या असं मी म्हणेन. ‘मधुमेह सुरू होतोय का’ या प्रश्नाचं उत्तर तिथे सेन्सरच्या कित्येक आठवड्यांपेक्षा चांगलं मिळेल. डॉक्टरांकडून उपाशीपोटी, एक तास आणि दोन तास असे तिन्ही नमुने लिहून घ्या. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने 2024 मध्ये एक तासाच्या आकड्यालाही मान्यता दिली आहे. 155 किंवा जास्त म्हणजे मधुमेहाआधीची स्थिती, 209 किंवा जास्त म्हणजे मधुमेह, आणि त्याची खात्री पुन्हा तपासून करायची. नमुने शिरेतल्या रक्ताचे हवेत, बोटातले नकोत. चाचणीआधी किमान तीन दिवस रोज 150 ग्रॅम तरी कर्बोदकं खा, नाहीतर त्या 181 सारखाच खोटा वाईट निकाल येईल आणि मग तो तुमच्या फायलीत कायमचा बसेल. आठ ते दहा तास उपाशी जा, द्रावण पाच मिनिटांत संपवा आणि दोन तास बसून राहा. मध्येच फेऱ्या मारल्या तर आकडा खोटा चांगला येईल. ताप किंवा सर्दी-खोकला असेल तर तारीख पुढे ढकला.

दुसरा सेन्सर तोवर खोक्यातच ठेवा. चाचणी नॉर्मल आली तर तो लावण्याचं वैद्यकीय कारण उरत नाही, वर्षातून एकदा उपाशीपोटी साखर आणि एचबीए1सी पुरेत. आली नाही, तर मात्र तो उपयोगी पडेल आणि काय बघायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवता येईल. नुसत्या कुतूहलासाठी लावायला माझी हरकत नाही, पण मग मुदत पाहून ठेवा, ज्या कुशीवर झोपत नाही त्या दंडावर लावा, वरच्या पातळीचा इशारा बंद करा आणि लावण्याआधी ठरवा की उत्तर कोणत्या एका प्रश्नाचं हवंय. जेवल्यावर चालून फरक पडतो का, हा चांगला प्रश्न आहे. आलेख दिवसातून एकदा, रात्री बघा. प्रत्येक घासानंतर फोन उघडावासा वाटू लागला किंवा आणखी एखादा पदार्थ ताटातून गेला, तर 14 दिवस पुरे व्हायची वाट न बघता तो काढून टाका. खाण्याबद्दलच्या भीतीचा किंवा उपासमारीचा इतिहास असलेल्या कुणीही तो मुळात लावूच नये.

आणि भात, केळी, बटाटा आजपासूनच परत सुरू करा. सेन्सर अजून दंडावर असेल तर पहिले दोन-तीन दिवस आलेख थोडा चढा दिसेल, पण त्या दिवसांचे आकडे लिहून ठेवायची गरज नाही.